पुण्याचे १२ लाख की जर्मनीचे ५२ हजार युरो? पगाराची खरी तुलना कशी करायची?

काळीमाती:
नमस्कार मंडळी. लहान भावाच्या हातात दोन ऑफर आहेत. मेकॅनिकल झालाय, चार वर्षांचा अनुभव आहे, लग्न व्हायचंय. पहिली पुण्याची, वर्षाला १२ लाख सीटीसी. दुसरी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात, वर्षाला ५२,००० युरो, तिथले कर कापायच्या आधीचे. आईबाबा दारव्ह्याजवळ गावातच राहणार. घरी पैसे लागतात ते सोसायटीचं कर्ज फेडायला आणि जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला.

घरात दोन तट पडलेत. काका युरोला १०० रुपये धरून ५२ लाख सांगतात आणि गावभर सांगूनही आलेत. भावाचा मित्र म्हणतो, क्रयशक्तीच्या हिशेबाने ५२,००० युरो म्हणजे भारतातले फक्त साडेचौदा लाख, एवढ्यासाठी देश काहून सोडायचा. ५२ आणि साडेचौदा यांच्यात एवढं अंतर असेल तर माणसाने विश्वास ठेवायचा कशावर? नुसतं "जाऊ दे" किंवा "नको जाऊ" नको, हिशेब सांगा.

पोट्टा_नंबर_वन:
काकाले म्हना, ५२ लाख गावात सांगू नका, वर्गणीवाले उद्याच दारात येतीन.

वर्धाकाठ:
मित्राचं बरोबर आहे. विनिमय दर बाजारातल्या उलाढालीवर ठरतो, त्याचा भाजीपाल्याशी संबंध नाही. देशोदेशीचे भाव ताडून पाहणाऱ्या जागतिक बँकेच्या पाहणीच्या २०१७ च्या फेरीत भारताचा क्रयशक्तीचा दर डॉलरला २०.६५ रुपये निघाला. बाजारात तेव्हा डॉलर ६५ रुपयांचा होता. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे पावणेएकवीस रुपयांत मिळतं. जर्मनीचा तोच दर ०.७४ युरोच्या आसपास होता. आता ५२,००० ला ०.७४ ने भागा आणि २०.६५ ने गुणा, साडेचौदा लाखच येतात.

उलट मित्राने जर्मनीला थोडं झुकतंच माप दिलंय. त्याने कर कापायच्या आधीचा पगार धरला. जर्मनीत एकट्या माणसाच्या हातात ५२,००० पैकी महिन्याला २,७८० युरोच्या आसपास पडतात. क्रयशक्तीने त्याचे साडेसत्त्याहत्तर हजार रुपये होतात. पुण्याच्या १२ लाखांत हातात त्याहून जास्त येतात. विषय संपला, पुणेच बरं.

बुलढाणा_एक्सप्रेस:
कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका. सरकारकडे नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ई-मायग्रेट साइटवर त्याचा नंबर तपासा. लाखो रुपये मागणारा हमखास बोगस.

काळीमाती:
धन्यवाद दादा, पण ऑफर थेट कंपनीकडून आहे. प्रश्न पगाराच्या तुलनेचा आहे.

खतावणी:
वर्धाकाठ भाऊंनी कर कापून तुलना केली ते अगदी योग्य. गणितही बरोबर आहे. फक्त ते गणित अशा माणसाचं आहे जो पगारातला शेवटचा युरोसुद्धा जर्मनीतच खर्च करतो. काळीमाती यांचा भाऊ तसं करणार नाही. त्याला कर्ज फेडायचंय आणि घर बांधायचंय.

म्हणून हातात येणाऱ्या पगाराचे दोन भाग करायचे. जो भाग तिथे खर्च होणार त्याची किंमत तिथल्या भावांनी ठरते, त्याला क्रयशक्तीचा दर लावायचा. जो भाग उरून भारतात येणार तो बँकेतून बाजारभावानेच येतो. बँक पैसे पाठवताना क्रयशक्ती विचारत नाही. त्या भागाला युरोचा १०० रुपये दरच लावायचा. तुमचे काका सगळ्या पगाराला बाजारभाव लावतात, मित्र सगळ्याला क्रयशक्ती लावतो, म्हणून ५२ आणि साडेचौदा.

आता आकडे घालू. आधी पुणे. १२ लाख सीटीसीमध्ये बेसिक निम्मं म्हणजे ६ लाख धरते. त्यातून कंपनीचा पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटी साधारण २९,००० बाजूला निघते. उरलेल्या साधारण ११ लाखांतून तुमचा पीएफ ७२,००० आणि व्यवसाय कर २,५०० जातो. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर शून्य आहे, त्यामुळे कर नाही. हातात महिन्याला ८५,००० च्या थोडं वर. दोघांत मिळून खोली घेतली, डबा, बस, मोबाइल, कपडे धरले तर ४०,००० खर्च धरू. उरले ४५,००० आणि पीएफचे दोन्ही बाजूंचे १२,०००. एकूण ५७,००० शिल्लक. ऑफरमध्ये "व्हेरिएबल" असेल तर तेवढं आधी काढून टाका आणि मग पुन्हा मांडा.

जर्मनी. हातात २,७८०. खर्चाचा १,५०० युरोचा अंदाज धरते, तिथे राहणाऱ्यांनी दुरुस्त करावा. उरतात १,२८०, म्हणजे १ लाख २८ हजार रुपये. आणि ते १,५०० युरो क्रयशक्तीने मोजले तर ४२,००० रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे पुण्यात ४०,००० त जसं राहाल साधारण तसंच तिथे राहाल, पण महिन्याला ७१,००० जास्त उरतील.

मला उपयोगी वाटतो तो उलटा प्रश्न. पुण्यात किती सीटीसी मिळाली तर असंच राहून एवढंच उरेल? त्याच पद्धतीने बेसिक, पीएफ आणि वाढीव पगारावरचा कर धरून मांडलं तर २३ लाखांच्या आसपास उत्तर येतं. तर ५२ नाही, साडेचौदाही नाही. तुमच्या भावासाठी ही ऑफर पुण्यातल्या २३ लाखांसारखी आहे. दुसरा कोणी जो तिथे ऐशमध्ये राहून सगळं उडवणार, त्याच्यासाठी तीच ऑफर बारापेक्षा कमी ठरेल.

पोट्टा_नंबर_वन:
म्हंजे जेवढा कंजूष तेवढा पगार जास्त. आमच्या मामाले तर मग जर्मनीनं करोड द्याले पायजे.

वर्धाकाठ:
ताई, उरलेल्या पैशाला बाजारभाव लावायचा हे पटलं. पण मग क्रयशक्तीचा उपयोगच काय राहिला? १,५०० युरो खर्च हा तर अंदाजच आहे.

खतावणी:
उपयोग एवढाच की तो अंदाज ताळ्यावर आहे का ते कळतं. १,५०० चं उत्तर २०,००० रुपये आलं असतं तर समजायचं की पोरगं तिथे उपाशी राहायचा बेत करतंय. ४२ आणि ४० जवळ आले, म्हणजे दोन्हीकडे राहणीमान एकसारखं धरलंय. राहणीमान सारखं न धरता शिल्लक मोजली तर ती तुलनाच नव्हे. लोक नेमकं तिथेच फसतात: पुण्यात वन बीएचके आणि गाडीचा हप्ता धरतात, परदेशात चौघांची खोली आणि ब्रेडवर दिवस काढणं धरतात, आणि मग म्हणतात बघा किती उरतं.

श्टुटगार्टचा_संत्रा:
इथले खर्च सांगतो. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात काल्ट असतं. हिशेबाला कायम वार्म धरायचं. एका खोलीच्या घराला इकडे ८५० वार्म धरा, त्याहून स्वस्त मिळालं तर नशीब. किराणा ३००, तूरडाळ आणि कणीक इंडियन स्टोअरमधून घेतली तरी बसतं. महिन्याचा डॉइचलांडटिकेट २०२५ मध्ये ५८ युरो, त्यात सगळ्या देशातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६, टीव्ही नसला तरी. मोबाइल आणि नेट ४०. बाकी कपडे, कधीमधी बाहेर खाणं, विमा मिळून सव्वादोनशे. १,५०० बसतात.

पण पहिल्या वर्षाला हा हिशेब लावू नका. घरमालक तीन काल्टमिट्यांपर्यंत डिपॉझिट घेऊ शकतो, आणि घेतोच. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरच नसतं: ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन जातो. ते आपण बसवायचं. पहिले चार-पाच महिने घरी पैसे पाठवायची आशा ठेवू नका. सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये असेल आणि पोरगं जानेवारीत येणार असेल तर त्याची सोय आधी करून ठेवा.

काळीमाती:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. अजून एक. पुढच्या वर्षी लग्न करायचा विचार आहे. लग्न झाल्यावर तिथे कर कमी लागतो म्हणे, तीन नंबरच्या वर्गात. मग शिल्लक वाढेल ना?

श्टुटगार्टचा_संत्रा:
करवर्ग तीन मिळाला तर ५२,००० वर हातात ३,१०० च्या आसपास येतात, म्हणजे सव्वातीनशे जास्त. पण त्यासाठी बायको इथे सोबत राहायला हवी. बायको दारव्ह्याला आणि नवरा इथे असेल तर आपल्या लोकांना वर्ग एकच लागतो. ऑफर देणारे एचआर कधीकधी "विवाहित" वाचून वर्ग तीनचा आकडा दाखवतात, तो पकडून बसू नका. इंटरनेटवर ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, त्यात करवर्ग, मूल आहे की नाही आणि चर्च कर "नाही" हे तीन रकाने नीट भरा. मूल नसलेल्या २३ वर्षांवरच्या माणसाला काळजी-विम्याचा ०.६ टक्के जास्तीचा भार पडतो, तेही त्यात येतं.

बायको आली की सव्वातीनशे वाढतात खरे, पण खर्च ५००-६०० ने वाढतो आणि एका खोलीत भागत नाही. शिल्लक कमीच होते.

सरकीढेप:
मला मुळात त्या जागतिक बँकेच्या आकड्यावरच विश्वास नाही. २०.६५ म्हणजे कुठले? दारव्ह्याचे, पुण्याचे की मुंबईचे? गावात खोलीचं भाडं पुण्याच्या पाव पण नाही. आणि इकडे ट्रॅक्टर, डिझेल, सळई, फवारणीचं औषध पुण्याच्याच भावात, कधी जास्तीच.

खतावणी:
अगदी मर्मावर बोट. तो आकडा साऱ्या देशाचा आहे, गाव आणि शहर एकत्र करून. जर्मनीचाही तसाच: श्टुटगार्ट आणि लाइपझिग एकाच पोत्यात. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे देशाच्या सरासरीपेक्षा महाग शहर आहे, त्यामुळे चूक थोडीफार एकमेकींना खाऊन टाकते. पण एक ऑफर म्युनिकची आणि दुसरी यवतमाळची असती तर तो आकडा चालला नसता.

दुसरी अडचण टोपलीची, म्हणजे कुठल्या वस्तू आणि कामं मोजली त्याची. विनिमय दर आणि क्रयशक्ती यांत एवढी तफावत पडते ती मुख्यतः माणसाच्या हातच्या कामांमुळे. हजामत, धुणीभांडी, रिक्षा, शिकवणी, खोलीचं भाडं इथे फार स्वस्त. मोबाइल, लॅपटॉप, विमानाचं तिकीट, सोनं जवळपास सगळीकडे एकाच भावात. इथे रोज बाहेर जेवणारा, कामाला बाई आणि गाडीला ड्रायव्हर ठेवणारा माणूस जर्मनीत गेला की त्याला धक्का बसतो, कारण तिथे तेच फार महाग आहे. स्वतः स्वयंपाक करणाऱ्या आणि सायकलने फिरणाऱ्या पोराला फारसं जाणवत नाही.

आणि आकडा घेणारच असाल तर योग्य घ्या. जागतिक बँकेच्या साइटवर `PA.NUS.PPP` हा सगळ्या जीडीपीचा आहे, त्यात सरकारी खर्च, पूल, यंत्रं सगळं येतं. घरखर्चासाठी `PA.NUS.PRVT.PP` बघायचा, तो खासगी उपभोगाचा आहे. आपण वर पहिलाच वापरलाय, कारण मित्राने तोच वापरला होता. २०२१ च्या फेरीचे निकाल २०२४ मध्ये आलेत, ताजे तेच घ्या.

मास्तर_निवृत्त:
एक जुनी तुलना नोंदवतो. २०११ च्या फेरीत क्रयशक्तीचा दर १५.५५ होता आणि बाजारात डॉलर ४६.६७ ला. २०१७ मध्ये २०.६५ आणि ६५.१२. दोन्ही वेळा क्रयशक्तीचा दर बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. रुपया घसरला म्हणजे परदेशातल्याचा फायदाच, असं घराघरात म्हणतात. पण रुपया घसरतो तेव्हा इथली महागाईही वाढलेली असते. पाठवलेल्या पैशात सळई तेवढीच येते.

वर्धाकाठ:
मास्तर, म्हणूनच मला वाटतं की शिल्लक पैशालाही नुसता बाजारभाव पुरत नाही. तो घर बांधायला पाच वर्षांनी वापरणार. पाच वर्षांनी सिमेंट काय भावाने असेल ते कोणाला माहीत?

सरकीढेप:
त्याचं उत्तर सोपं आहे, पैसे इथे आले की लगेच कर्जात टाका. घर नंतर. कर्जाचं व्याज तर पक्कं माहीत असतं.

वर्धाकाठ:
तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं की व्याज अगदीच कमी पडतं. तिथे घाई करून काय मिळणार? सावकाराचं असेल तर वेगळी गोष्ट.

पोट्टा_नंबर_वन:
त्या इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाचा बर्गर निर्देशांक असते न, देशोदेशी बर्गरचा भाव मोजतेत तो, १९८६ पासून. भारतात बीफ नाही म्हून ते चिकनचा महाराजा मॅक मोजतेत. त्यापेक्षा आपन तर्री-पोहा निर्देशांक काढू. संत्रा भाऊ, श्टुटगार्टले तर्री-पोहे केवढ्याले?

श्टुटगार्टचा_संत्रा:
मिळत नाहीत. निर्देशांक अनंत.

निंबोळी:
थोडं विषयांतर करते, माफ करा. यांना दुबईत १४,००० दिरहमची ऑफर आहे. दोन मुलं, तिसरी आणि सहावी. तिथे प्राप्तिकर नाही, मग क्रयशक्तीचा हिशेब न करता सरळ २४ ने गुणलं तर चालेल का? अमरावतीत यांना ९०,००० आहेत हातात.

खतावणी:
निंबोळीताई, कर नाही म्हणजे खर्च नाही असं समजू नका. जर्मनीत तो मोठा कापलेला भाग डोळ्यांना खुपतो, पण त्यात दवाखाना येतो, सरकारी शाळा फुकट असते, आणि २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो किंडरगेल्ड परत मिळतं. दुबईत हातात सगळा पगार येतो आणि शाळा, घर तुम्ही खिशातून भरता. एकट्या माणसाला दुबई फायद्याची पडते, दोन मुलं शाळेत असतील तर चित्र पार बदलू शकतं. तुम्ही आधी तिथल्या सीबीएसई शाळांच्या सहावीच्या आणि तिसरीच्या फीचे आकडे शाळेच्या साइटवरून काढा, बसची फी वेगळी. ते १४,००० मधून वजा केल्याशिवाय २४ ने गुणू नका.

ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी बघा. बेसिक किती आहे, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. १४,००० मध्ये बेसिक ५,००० च ठेवला असेल तर वर्षाला ३,५०० दिरहम. दुसरं, शाळेची फी आणि वर्षाचं तिकीट कंपनी सगळ्यांचं देते की फक्त यांचं. तिसरं, घराचं भाडं. तिथे ते वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे मोजके चेक देऊन भरतात, त्यामुळे सुरुवातीला हातात मोठी रक्कम लागते. वर वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी वीजबिलातून महिन्याला कापली जाते.

आणि दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. डॉलर-रुपयाचं जे होईल तेच तुमच्या शिलकेचं होईल.

निंबोळी:
फी बघितली. बसही धरली. आता मला अमरावतीच बरं वाटतंय, पण हे ऐकायला तयार नाहीत 😄

वर्धाकाठ:
खतावणी ताई, एक खोट दाखवतो. पुण्याच्या शिलकेत तुम्ही पीएफचे १२,००० धरलेत. जर्मनीत पेन्शनला ९.३ टक्के कापतात, म्हणजे महिन्याला ४०० युरो. ते शिलकेत धरले नाहीत. मग जर्मनीची ऑफर २३ लाखांहून जास्त ठरायला हवी.

खतावणी:
खोट बरोबर पकडली. मी ते मुद्दाम बाहेर ठेवले, कारण पीएफचा पैसा हुकमी आहे, हा नाही. पाच वर्षांच्या आत देश सोडला तर युरोपीय संघाबाहेर गेल्यावर २४ महिने थांबून आपला वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही, व्याजही नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की परत मागायचा रस्ता बंद, मग म्हातारपणी पेन्शनच. जो चार वर्षांत परतणार हे नक्की, त्याने ते ४०० धरावेत, पण दोन वर्षं उशिराने. काळीमाती, भाऊ किती वर्षं राहणार?

काळीमाती:
तो म्हणतो तीन. आई म्हणते दोन. मला वाटतं लग्नानंतर सुनबाई ठरवेल.

श्टुटगार्टचा_संत्रा:
तीन म्हणून आलेले बरेच जण इथेच आहेत. पाच वर्षांची ती रेघ डोक्यात ठेवा.

सरकीढेप:
पुण्याच्या बाजूने एक बोलतो. इथे चार वर्षांत नोकरी बदलली की पगार चांगला उडी मारतो. तिथे तशी उडी मारत नाही म्हणतात. तुमचा २३ लाखांचा हिशेब आजचा आहे, चौथ्या वर्षाचा नाही.

खतावणी:
खरं आहे. पगारवाढीचा अंदाज मी कागदावर मांडत नाही, कारण ज्याला जे उत्तर हवं असतं तो तेवढी वाढ धरतो. फार तर दोन्हीकडे "चौथ्या वर्षी किती उरलं पाहिजे" हा आकडा ठरवा आणि तो गाठायला पुण्यात किती सीटीसी लागेल ते बघा. तेवढी मिळण्यासारखी आहे का, हे भावाच्या क्षेत्रातल्या माणसालाच विचारा.

सरकीढेप:
म्हणजे नेमका महत्त्वाचा आकडा तुम्ही अंधारातच ठेवला.

खतावणी:
हो, ठेवला. तो उजेडात आणायची पद्धत कोणाकडे असेल तर मलाही हवीय.

काळीमाती, मोबाइलवर शीट उघडा. प्रत्येक ऑफरला एक कॉलम. दुसऱ्या ओळीत हातात येणारा महिन्याचा पगार, पुण्यात त्यात पीएफचे १२,००० मिळवून, तिसऱ्यात तिथला खर्च, चौथ्यात विनिमय दर (पुण्यासाठी १), पाचव्यात वर्षाचं तिकीट आणि पैसे पाठवायचा खर्च बाराने भागून, रुपयांत. खाली हे लिहा:

```
=(B2-B3)*B4-B5
```

मग चौथ्या ओळीत १०० च्या जागी ९० टाकून बघा. युरो दहाने पडला तरी शिल्लक पुण्याच्या बरीच वर राहते का, ते कळेल. नंतर १०० परत ठेवून तिसऱ्या ओळीत खर्च १,५०० चा १,८०० करा. बघा कुठला बदल जास्त बोचतो.

आणि दर गुगलवर दिसतो तो टाकू नका. पैसे पाठवणारी बँक प्रत्यक्षात जो देते तो टाका. काही बँका फी शून्य म्हणतात आणि दरात दीड-दोन रुपये खातात. १,२८० युरोंवर दोन रुपये म्हणजे महिन्याला अडीच हजार.

काळीमाती:
केलं. दर ९० टाकला तर शिल्लक १२,८०० ने कमी होते. खर्च १,८०० टाकला तर ३०,००० ने. युरोपेक्षा खोलीच भारी पडतेय. तिकिटाचे वर्षाला ७५,००० धरले तर मूळ १ लाख २८ हजाराचे १ लाख २२ हजाराच्या खाली येतात. तरी पुण्याच्या ५७,००० च्या दुपटीहून जास्त. काकांना ५२ लाखांवरून खाली आणायचं काम मात्र बाकी आहे.

पोट्टा_नंबर_वन:
काकाले म्हना, लग्नाच्या बायोडाटावर २३ लिवा, वर्गणीच्या पावतीवर १२.

मास्तर_निवृत्त:
संत्रा साहेब, आपण जे १,५०० सांगितलेत, त्यात घरातल्या विजेचा आकडा दिसला नाही. वार्ममिट्यात वीज येते का?

श्टुटगार्टचा_संत्रा:
नाही मास्तर, बरोबर पकडलंत. वार्ममध्ये हीटिंग आणि पाणी येतं, दिवे-शेगडीची वीज बहुतेक घरांत वेगळी, स्वतःच्या नावाने करार करून घ्यायची. एकट्याला ४०-५० युरो धरा. आणि हीटिंगचंही वर्षाअखेर बिल येतं, जास्त जाळलं असेल तर फरक भरावा लागतो. विदर्भातलं पोरगं पहिल्या हिवाळ्यात जास्तच जाळतं. शीटमध्ये तिसऱ्या ओळीत १,५५० करा.